ढग पांढरे, दूध पांढरं, मग आकाशच निळं का?

पत्र

नववीतल्या भाचीने विचारलं, "निळा प्रकाश जास्त विखुरतो म्हणून आकाश निळं, तर मग ढग निळे का नाहीत? तेही हवेतच असतात ना?" तिला दाखवावं म्हणून मी पाण्यात दूध घालून टॉर्चचा प्रयोग केला. पाव लिटरच्या ग्लासात दोन चमचे पिशवीतलं दूध घातलं, खोलीत अंधार केला, पण निळं काही दिसलंच नाही. ग्लास नुसता पांढरा, फोटोतही पांढराच. ढगांबद्दल तिला काय सांगू? आणि प्रयोगात माझं काय चुकलं?

— एक मावशी

उत्तर

नमस्कार,

दूध फार जास्त पडलं, आणि पडलं तेही निळा रंग दाखवायला सोयीचं नसलेलं. पाव लिटर पाण्याला दोन चमचे नव्हे, स्निग्धांश काढलेल्या दुधाचे आठ-दहा थेंब पुरतात. प्रयोगाकडे वळण्याआधी भाचीच्या प्रश्नाचं उत्तर घेऊ, कारण ते कळलं की थेंबांचा हा आकडा कुठून आला तेही कळेल.

पांढरा रंग दोन वेगवेगळ्या वाटांनी येतो. एक तर प्रकाश विखुरणारे कण मोठे असतात. नाही तर कण लहान असूनही प्रकाश त्यांच्यात पुन्हा पुन्हा विखुरत राहतो. निळा दिसायचा तर दोन अटी एकदम पाळल्या जायला हव्यात: कण लहान हवेत, आणि प्रकाश आपल्या डोळ्यापर्यंत येताना साधारण एकदाच विखुरलेला हवा. डोक्यावरचं स्वच्छ आकाश दोन्ही अटी पाळतं. ढग दोन्ही मोडतो. दुधात लहान कणही असतात आणि मोठेही, पण ते इतके दाटीवाटीने असतात की दुसरी अट हमखास मोडते. ही दुसरी अट समजावताना बहुतेक वेळा सुटून जाते, आणि तुमचा प्रयोग फसला तो मुख्यतः तिच्यामुळेच.

आधी कणांचा आकार पाहू. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते. निळा 450 च्या आसपास, लाल 650 च्या आसपास. हवेतला नायट्रोजन किंवा ऑक्सिजनचा रेणू नॅनोमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, म्हणजे निळ्या प्रकाशाच्या एका लाटेपुढे हजारपटींहून लहान. लाटेवर तरंगणारं बूच जसं अख्खंच्या अख्खं वरखाली होतं, तसं या रेणूतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकदम हलतात, आणि हलणारा विद्युतभार स्वतः सगळीकडे प्रकाश फेकू लागतो. हे हलणं जितकं जलद, तितका फेकलेला प्रकाश जास्त, आणि ही वाढ साधी नसून चौथ्या घाताची असते. निळ्याची कंपनं लालपेक्षा जलद असतात. 650 ला 450 ने भागून आलेल्या संख्येचा चौथा घात केला की उत्तर साधारण 4.3 येतं. म्हणजे हवेचे रेणू लाल प्रकाशाच्या सव्वाचार पट निळा प्रकाश बाजूला फेकतात. लॉर्ड रॅले यांनी हा नियम 1871 मध्ये मांडला, आणि हवेत धूळ किंवा बाष्प नसलं तरी आकाश निळं करायला नुसते रेणू पुरेसे आहेत हे त्यांनी 1899 मध्ये दाखवलं. त्यामुळे "आकाशातल्या धुळीमुळे निळा रंग दिसतो" असं कोणी सांगितलं तर ते खोडून काढायला हरकत नाही. धूळ निळा रंग उलट फिका करते.

भाची इथे हुशारीने विचारेल की जांभळ्याची तरंगलांबी तर निळ्याहूनही कमी, मग आकाश जांभळं का नाही? जांभळा प्रकाश खरोखरच जास्त विखुरतो. पण सूर्यप्रकाशात तो मुळात कमी असतो आणि आपला डोळा त्याला बराच मंद प्रतिसाद देतो. आकाशातून येणाऱ्या त्या सगळ्या मिश्रणाला डोळा फिकट निळं ठरवतो.

आता ढग. ढगातला पाण्याचा कण साधारण 10 ते 20 मायक्रोमीटर व्यासाचा असतो. धुक्यातलेही याच मापाचे, पुष्कळदा थोडे लहान. 20 मायक्रोमीटर म्हणजे 20,000 नॅनोमीटर. निळ्या प्रकाशाच्या चाळीसहून अधिक लाटा एका ओळीत त्यात मावतात. एवढ्या मोठ्या थेंबात सगळे इलेक्ट्रॉन एका तालात हलूच शकत नाहीत. थेंबाच्या एका कडेला लाटेचा माथा असतो तेव्हा दुसरीकडे तळ असतो, त्यामुळे वेगवेगळ्या भागांतून निघालेल्या लाटा बऱ्याच दिशांना एकमेकींना मारक ठरतात. चौथ्या घाताचा नियम इथे संपतो. त्याऐवजी थेंबावर पडलेला प्रकाश काही पृष्ठभागावरून परततो, काही आत शिरून वळून बाहेर पडतो, काही कडेला वळसा घालून जातो. या तिन्ही गोष्टी निळ्याच्या बाबतीत जेवढ्या होतात जवळजवळ तेवढ्याच लालच्या बाबतीत. थेंब सर्व रंगांना सारखंच अडवतो, म्हणून त्यातून विखुरलेला प्रकाश सूर्यप्रकाशासारखाच, म्हणजे पांढरा. गोल कणाचा आकार कितीही असला तरी त्याचं विकिरण नेमकं मोजता येईल असं गणित गुस्ताव मी यांनी 1908 मध्ये प्रसिद्ध केलं. रॅलेचा नियम हा त्याच गणिताचा लहान कणांच्या टोकाचा भाग आहे.

"पाणी तर पारदर्शक, मग ढग दिसतो तरी कसा?" हा पुढचा प्रश्न येईल आणि त्याचं उत्तर फार सुंदर आहे. ढग होण्याआधी तेच पाणी वाफेच्या रूपात, सुट्या रेणूंच्या रूपात, हवेत असतं आणि अजिबात दिसत नाही. तेच रेणू एकत्र येऊन लाटेपेक्षा लहान असा कण बनला, की त्यातले सगळे रेणू एका तालात प्रकाश फेकतात. हजार रेणू सुटे असताना हजारपट प्रकाश विखुरतात. तेच एका बारीक कणात एकत्र असले की हजारच्या वर्गाएवढा, म्हणजे दहा लाख पट. पाणी तेवढंच, विकिरण मात्र हजारपटीने वाढलं. ही वाढ कण लाटेच्या लांबीएवढा होईपर्यंत चालते आणि मग थांबते. त्यापुढे थेंब वाढत गेला तर उलटं होऊ लागतं. 2 मिलिमीटरच्या पावसाच्या एका थेंबातून 20 मायक्रोमीटरचे दहा लाख कण होतात, आणि त्या सगळ्यांचा मिळून आडवा पसारा मूळ थेंबाच्या शंभरपट भरतो. म्हणून पावसाच्या सरीतून समोरचं बरंच लांबवर दिसतं आणि त्याहून कमी पाणी असलेल्या धुक्यात हाकेच्या अंतरावरचं दिसेनासं होतं. दाट धुक्याच्या एका घनमीटरमध्ये पाणी ग्रॅमचा छोटासा अंश असतं.

दुधात दोन तऱ्हेचे कण असतात आणि तुमच्या प्रयोगासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. एक केसीन या प्रथिनाचे गोळे. त्यांचा व्यास सरासरी 150 नॅनोमीटर असतो, काही 50 चे, काही 300 च्याही पुढचे. दुसरे स्निग्धकण. ताज्या धारोष्ण दुधात ते सरासरी 3-4 मायक्रोमीटरचे असतात. पिशवीत किंवा खोक्यात भरण्याआधी दूध दाबाने बारीक फटींतून काढून एकजीव केलेलं असेल तर 1 मायक्रोमीटरच्याही खाली जातात. केसीनचे गोळे रॅलेच्या नियमात काटेकोरपणे बसत नाहीत, कारण त्या नियमासाठी कण तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाहून लहान हवा. तरी ते बरेच जवळ येतात. स्निग्धांश काढलेलं दूध निळा प्रकाश लालच्या साधारण पावणेतीन पट विखुरतं. स्निग्धांशासकट दुधात हेच गुणोत्तर जेमतेम दीडपट उरतं, कारण मोठे स्निग्धकण सगळ्या रंगांना जवळपास सारखंच वागवतात आणि केसीनने केलेला निळा त्यांच्या पांढऱ्यात बुडतो.

पण मग एक अडचण उभी राहते. केसीन जर निळा पावणेतीन पट विखुरतं, तर स्निग्धांश काढलेल्या दुधाचा ग्लास ठळक निळा का दिसत नाही? जरा निळसर छटा दिसते, पण म्हणायला तो पांढराच. इथे दुसरी अट येते.

स्वच्छ हवेत, समुद्रसपाटीला, निळा प्रकाश विखुरण्याआधी सरासरी 40 किलोमीटरच्या आसपास जातो आणि लाल जवळजवळ 170 किलोमीटर. आपल्या डोक्यावरची सगळी हवा दाबून समुद्रसपाटीच्या घनतेची केली तर तिचा थर फक्त 8 किलोमीटर भरेल. म्हणजे वरून आलेल्या निळ्या प्रकाशातला सुमारे पाचवा हिस्सा वाटेत एकदा विखुरतो. दोनदा विखुरणारा त्याहून खूप कमी. लालपैकी तर विसावा हिस्साच बाजूला पडतो. आपण सूर्याकडे न पाहता आकाशाकडे पाहतो तेव्हा हा बाजूला पडलेला प्रकाशच पाहतो, आणि त्यात निळ्याचं पारडं जड असतं.

आता समजा हाच थर पुष्कळ जाड केला. निळा आधी विखुरेल, पण थोडं पुढे जाऊन लालही विखुरेल. शेवटी आत गेलेला प्रत्येक रंग दिशा बदलत बदलत कधीतरी बाहेर पडेल. पाणी आणि केसीन यांपैकी कोणीच दिसणारा प्रकाश फारसा शोषत नाही, त्यामुळे मधल्या मध्ये कुठला रंग हरवत नाही. जेवढे रंग आत गेले तेवढे सगळे परत आले तर उत्तर पांढरंच. कोणता रंग आधी विखुरला याला मग काही महत्त्व उरत नाही. याचा पुरावा स्वच्छ दिवशी कुठेही दिसतो: माथ्यावरचं आकाश गडद निळं असतं आणि क्षितिजाजवळ ते फिकट होत जवळजवळ पांढरं होतं. धूळ आणि बाष्प तिथे हातभार लावतातच, पण अगदी निर्मळ हवेतही हे घडतं. क्षितिजाच्या दिशेने नजरेच्या वाटेत माथ्यावरच्या तुलनेत सुमारे 38 पट हवा येते. 8 किलोमीटरच्या 38 पट म्हणजे 300 किलोमीटर. एवढ्या वाटेत निळा सात-आठ वेळा विखुरतो आणि लालही दोनेकदा. कण तेच, रेणू तेच, तरी रंग पांढरट.

ढगात ही अंतरं किलोमीटरवरून मीटरवर येतात. घनमीटरला 0.3 ग्रॅम पाणी आणि 20 मायक्रोमीटरचे कण असलेल्या ढगात प्रकाश सरासरी वीस-बावीस मीटर जाऊन विखुरतो. ढगाची जाडी 500 मीटर धरली तर वीसहून जास्त वेळा. जाड ढगाचा तळ करडा दिसतो तो मळल्यामुळे नव्हे. वरून पडलेला बराचसा प्रकाश वर आणि बाजूंना निघून जातो, खाली थोडा पोचतो. जो पोचतो त्यात सगळे रंग सारख्याच प्रमाणात कमी झालेले असतात. धुक्यातही हेच, फक्त आपण ढगाच्या आत उभे असतो.

दुधात अंतरं मिलिमीटरवर येतात. स्निग्धांश काढलेल्या दुधात निळ्या प्रकाशाची दिशा पुरती बदलायला साधारण अर्धा मिलिमीटर पुरतो आणि लालला जेमतेम दीड मिलिमीटर. स्निग्धांशासकट दुधात निळ्याला पाव मिलिमीटरच्या आसपास आणि लालला 0.4 मिलिमीटर. ग्लासात यांतला कुठलाही रंग सरळ पार जाऊच शकत नाही. स्निग्धांश काढलेल्या दुधाला कडेला निळसर छटा येते ती लाल जरा खोल शिरून निसटतो म्हणून.

आता तुमच्या ग्लासाचा हिशोब करू. चमचा 5 मिलिलिटरचा धरला तर 250 मिलिलिटर पाण्यात 10 मिलिलिटर दूध, म्हणजे 25 पट पातळ. वरची अंतरंही 25 पट वाढली: निळ्याला 6-7 मिलिमीटर, लालला 10. ग्लास 7 सेंटीमीटर रुंद असेल तर तो पार करताना निळ्याची दिशा दहा वेळा पालटेल, लालची सात वेळा. दहा आणि सात यांत डोळ्याला फरक दिसण्यासारखं काही नाही. दोन्ही पूर्ण विखुरलेले. तुम्ही एका ग्लासात छोटा ढग तयार केला होता.

याऐवजी स्निग्धांश काढलेल्या दुधाचे दहा थेंब घ्या. 20 थेंबांचा 1 मिलिलिटर धरला तर हे अर्धा मिलिलिटर झालं, म्हणजे 500 पट पातळ. निळ्याचं अंतर आता 26 सेंटीमीटर, लालचं 70. सात सेंटीमीटरच्या ग्लासात शंभरातला 23 भाग निळा प्रकाश बाजूला पडेल आणि लालचा 9 भाग. बाजूला पडलेल्यापैकी बहुतेक एकदाच विखुरलेला असेल. डोक्यावरच्या आकाशाचे आकडे आठवून पाहा: पाचवा हिस्सा निळा. दहा थेंबांचा ग्लास निळ्याच्या बाबतीत जवळजवळ आकाशाएवढाच जाड आहे, आणि म्हणूनच तो निळा दिसतो.

करायचं असं. पाणी आदल्या रात्री भरून ठेवा किंवा उकळून गार केलेलं घ्या. नळाच्या ताज्या पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि ते धुक्याच्या कणांसारखे पांढरा प्रकाश विखुरतात. दूध घालण्याआधी अंधारात टॉर्च लावून बघा. झोताची वाट पाण्यात जवळजवळ दिसता कामा नये. दिसत असेल तर पाणी बदला. दूध स्निग्धांशविरहित हवं. नुसती साय बाजूला काढून काम होत नाही, कारण एकजीव केलेल्या दुधातले बारीक स्निग्धकण सायीत येत नाहीत, खालीच राहतात. स्निग्धांशविरहित दूध मिळालं नाही तर तशीच पावडर 1 ग्रॅमला 10 मिलिलिटर कोमट पाणी घालून, गुठळी न ठेवता, नीट विरघळवून घ्या.

ग्लासामागे आणि खाली काळा कागद किंवा काळं कापड ठेवा. निळा प्रकाश मंद असतो. मागे पांढरी भिंत असली तर तिच्यावरून परतलेला प्रकाश तो झाकून टाकतो. टॉर्चचा झोत अरुंद करा, पुठ्ठ्याला 5 मिलिमीटरचं भोक पाडून समोर धरला की झालं. झोत आडवा जाऊ द्या आणि तुम्ही त्याच्याशी काटकोनात, बाजूने बघा. दूध दोन-दोन थेंब घाला, काचेच्या कांडीने हळू ढवळा म्हणजे बुडबुडे होणार नाहीत, आणि दर वेळी अर्धा मिनिट थांबून पाहा. चार थेंबांना झोत अंधुक निळसर दिसू लागेल, आठ-दहाला चांगला. पुढे घालत राहिलात तर तीस-चाळीस थेंबांच्या आसपास निळा फिकट होत जाईल आणि झोताची कड विरघळून सगळा ग्लास उजळू लागेल. ही कड नाहीशी होणं हीच खूण: प्रकाश आता एकापेक्षा जास्त वेळा विखुरतो आहे. भाचीला इथपर्यंत न्याच. कणांचा आकार जराही न बदलता निळ्याचा पांढरा होताना तिला दिसेल.

पलीकडून बाहेर पडणारा प्रकाश पांढऱ्या कागदावर घ्या. निळा वाटेत कमी झाल्यामुळे तो पिवळसर हवा. सात सेंटीमीटरच्या ग्लासात हा फरक फार पुसट असतो, म्हणून एखादा 30 सेंटीमीटर लांबीचा पारदर्शक डबा मिळाला तर त्याच प्रमाणात दूध घालून झोत लांबीच्या दिशेने सोडा. तिथे निळ्याचा तिसरा हिस्साच पार जातो आणि लालचा दोन-तृतीयांश, त्यामुळे कागदावरचा ठिपका स्पष्ट पिवळा-नारिंगी होतो. ठिपका मंद झाला पण पांढराच राहिला, तर कण मोठे आहेत. दूध स्निग्धांश असलेलं आहे किंवा गुठळ्या राहिल्या आहेत. ठिपकाच उमटला नाही तर दूध जास्त झालं.

फोटोत मोबाईल तुम्हाला फसवतो. त्याचा कॅमेरा दृश्यातला पांढरा कोणता ते आपण होऊन ठरवतो, आणि अंधारात एकच निळसर झोत दिसला की त्यालाच पांढरा समजून निळा काढून टाकतो. कॅमेऱ्याच्या प्रो किंवा मॅन्युअल मोडमध्ये व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशाच्या चिन्हावर पक्का करा. पांढऱ्या एलईडी टॉर्चमध्ये निळ्याचा भर आधीच जास्त असतो, म्हणून निळा रंग खरोखर दुधामुळे आला की टॉर्चमुळे, हे तपासायला तोच झोत पांढऱ्या कागदावर टाकून शेजारी ठेवा. ग्लासातला रंग कागदापेक्षा निळा दिसला पाहिजे.

डोळ्यावर विसंबायचं नसेल तर पोलरॉइड गॉगल घ्या. गॉगल खरोखर पोलरॉइड आहे का हे बघायला तो संगणकाच्या एलसीडी पडद्यासमोर धरून फिरवा. पडदा एका स्थितीत काळा झाला पाहिजे. लहान कणावरून काटकोनात, एकदाच विखुरलेला प्रकाश बराचसा एकाच प्रतलात कंप पावतो. त्यामुळे दहा थेंबांच्या ग्लासाकडे बाजूने बघत गॉगल फिरवला की झोत उजळतो आणि मंदावतो. दोन चमचे दुधाच्या ग्लासात असं काहीच होत नाही, कारण अनेकदा विखुरून सगळी प्रतलं मिसळून गेलेली असतात. हीच कसोटी बाहेर लावा. सूर्यापासून काटकोनात असलेला आकाशाचा भाग गॉगल फिरवताना गडद होतो आणि त्यातला ढग जवळजवळ तसाच राहतो. सूर्याकडे गॉगल लावूनही बघायचं नाही, हे मुलीला आधीच बजावून ठेवा.

आकाराचा परिणाम वेगळा दाखवायचा असेल तर दोन ग्लास शेजारी ठेवून एकात स्निग्धांशविरहित आणि दुसऱ्यात स्निग्धांशासकट दुधाचे सारखेच थेंब घाला. दुसरा जास्त उजळ आणि जास्त पांढरा असेल. याहून नेमका प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत होतो, घरी करू नये. 2 लिटर पाण्यात 200 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट विरघळवतात आणि शिक्षक त्यात 1 ते 2 मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. दोन-तीन मिनिटांत गंधकाचे अतिसूक्ष्म कण बनू लागतात आणि ते मिनिटागणिक वाढत जातात. बाजूने आधी निळं दिसतं, पलीकडचा ठिपका नारिंगी मग लालभडक होतो, आणि कण तरंगलांबीपुढे गेले की सगळं पांढुरकं. सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि दमा असलेल्या मुलांनी दूर बसावं.

एक मर्यादा सांगून ठेवतो. "लहान कण निळे, मोठे पांढरे" हा नियम दोन टोकांचा आहे. मधल्या पट्ट्यात, जिथे कण तरंगलांबीएवढाच असतो, गणित जास्त नाजूक होतं. कण निरनिराळ्या आकारांचे असतील तर त्यांचे फरक एकमेकांत मिसळून पांढरटच दिसतं. पण योगायोगाने बहुतेक कण एकाच मापाचे आणि मायक्रोमीटरच्या आसपासचे निघाले, तर लाल प्रकाशच निळ्यापेक्षा जास्त विखुरू शकतो. सप्टेंबर 1950 मध्ये कॅनडातल्या जंगलांच्या वणव्याचा धूर अटलांटिक ओलांडून गेला, तेव्हा ब्रिटनमध्ये लोकांना सूर्य आणि चंद्र निळे दिसले होते. धुरातल्या कणांनी लाल बाजूला फेकला आणि निळा सरळ आला. पाण्याच्या ढगात हे सहसा घडत नाही, कारण त्याचे थेंब या पट्ट्याच्या पुष्कळ पुढे असतात.